गीताचा प्रकार कोण ठरवितो? ‘ओल्ड टाउन रोड’ आणि लोकप्रिय संगीताचा अभ्यास

लोकप्रिय गीत हा विद्यापीठीय चिकित्सेचा विषय होऊ शकतो, ही कल्पना पाश्चात्त्य देशांतही फारशी जुनी नाही. थिओडोर आडोर्नो यांनी १९४१ मध्ये या संगीतावर जो निबंध लिहिला त्याचा रोख असा, की हे संगीत साच्यातून काढलेले असते, त्याचा एखादा भाग काढून तेथे दुसऱ्या गीतातील तसाच भाग बसविला तरी काही बिघडत नाही, आणि म्हणून त्याची चिकित्सा म्हणजे वस्तुतः साच्याचीच चिकित्सा होय. पुढे चार दशकांनी, १९८१ मध्ये, या विषयाच्या अभ्यासकांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि त्याच वर्षी केंब्रिजहून ‘पॉप्युलर म्युझिक’ हे नियतकालिक निघू लागले, तेव्हा हा निकाल फेरतपासणीस घेण्यात आला. आपल्याकडे अशोक दा. रानडे यांनी लोकप्रिय संगीताला लोकसंगीत आणि कलासंगीत यांच्याहून पृथक् अशी कोटी मानून तिचे स्वतंत्र नियम शोधण्याचा आग्रह धरला, तो याच फेरतपासणीशी नाते सांगणारा आहे.

गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत या अभ्यासाचे तीन प्रवाह स्पष्ट झाले. कोणी गीतातील शब्दांकडे पाहतो, कोणी ध्वनिमुद्रणाच्या घडणीकडे, आणि कोणी गीतप्रकार व त्याचे संकेत यांच्याकडे. प्रत्येक प्रवाहाचे आपले पंडित आहेत, आपली परिभाषा आहे आणि इतर दोघांविषयी थोडासा तुच्छताभावही आहे. स्ट्रीमिंगच्या काळातील गीतांनी मात्र या सोयीस्कर वाटणीला धक्का दिला आहे. शब्द, ध्वनी आणि प्रकार यांपैकी कोणताही एक घटक एकटा घेतला तर या गीतांचा उलगडा होत नाहीच, उलट हमखास चुकीचा निष्कर्ष हाती येतो, असे माझे मत आहे. ते पडताळून पाहण्यासाठी एकच गीत घेऊ. अमेरिकेतील ‘लिल नास एक्स’ या गायकाचे ‘ओल्ड टाउन रोड’ हे गीत २०१९ साली इतके वाजले, आणि त्यावरून इतका वाद माजला, की अभ्यासपद्धतींची परीक्षा घेण्यास याहून योग्य उदाहरण सापडणे कठीण.

प्रथम हकिकत. जॉर्जिया राज्यातील अटलांटा शहराच्या परिसरात वाढलेल्या, महाविद्यालय अर्ध्यावर सोडलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलाने एका डच निर्मात्याची तयार ‘बीट’, म्हणजे शब्दांवाचून सिद्ध केलेली ताल-वाद्यरचना, इंटरनेटवरील बाजारातून तीस डॉलरला घेतली, तिच्यावर आपले शब्द गायिले, आणि ३ डिसेंबर २०१८ रोजी ते गीत कोणत्याही कंपनीच्या मदतीवाचून प्रसिद्ध केले. गीताची लांबी एक मिनिट त्रेपन्न सेकंद. साउंडक्लाउड आणि आयट्यून्स या ठिकाणी गीत चढविताना प्रकाराच्या रकान्यात त्याने ‘कंट्री’ असे नोंदविले. टिकटॉकवर तरुण मंडळींनी त्या गीताच्या ठेक्यावर एका क्षणात साध्या वेषातून गुराख्याच्या वेषात जाण्याचा खेळ आरंभिला आणि गीत देशभर पोहोचले. मार्च २०१९ मध्ये ते बिलबोर्ड साप्ताहिकाच्या ‘हॉट कंट्री साँग्स’ या यादीत एकोणिसाव्या क्रमांकावर दाखल झाले, आणि लगेच त्या यादीतून खारीजही झाले. आजच्या कंट्री संगीताचे घटक या गीतात पुरेसे नाहीत, असे कारण देण्यात आले. गायक कृष्णवर्णीय होता. वर्णाचा या निर्णयाशी संबंध नसल्याचा खुलासा साप्ताहिकाने पुढे केला.

आता शब्द पाहू. गीतातील शब्दांचा अभ्यास समाजशास्त्रज्ञांनी आरंभिला तो मोजणीच्या मार्गाने. १९५७ मध्ये डोनाल्ड हॉर्टन यांनी तत्कालीन अमेरिकी गीतांतील शब्दांची छाननी करून त्यांतून तरुणांच्या प्रणयाराधनाच्या पायऱ्या लावून दाखविल्या. ही पद्धत आज संगणकाच्या बळावर नव्याने फोफावली आहे. तिच्यावरील मूलगामी आक्षेप सायमन फ्रिथ यांनी ऐंशीच्या दशकात नोंदविला: गीतातील शब्द हे वाचण्यासाठी छापलेले विधान नसून एका विशिष्ट आवाजाने, विशिष्ट ढंगात केलेला उच्चार असतो, आणि त्याचा अर्थ त्या उच्चारापासून तोडता येत नाही. आपल्या गीताला मोजणीची पद्धत लावली तर काय निघते? घोडा, ट्रॅक्टर, बैलाच्या पाठीवर स्वार होण्याचा खेळ, गुराख्याची टोपी, बूट, रँग्लरची जीन पँट. या जंत्रीवरून कोणताही कारकून हे गीत कंट्रीच्या खात्यात जमा करील. पण त्याच जंत्रीत गुचीची टोपी आहे, पोर्श मोटार आहे आणि अटलांटाच्या रॅप गीतांत वारंवार येणाऱ्या खोकल्याच्या औषधाच्या नशेचा उल्लेखही आहे. म्हणजे मोजणीने निकाल लागत नाही. दोन्ही पारडी भरतात, इतकेच.

मोजणी सोडून शब्दांची बांधणी पाहिली तर अधिक हाती लागते. पहिल्या कडव्यात घोडा, पोर्श आणि घराची ओसरी यांना इंग्रजीत जे शब्द आहेत त्यांचे यमक जुळविले आहे. हॉर्स आणि पोर्श यांचे यमक केवळ चमत्कृतीचे आहे. तुझ्याकडे मोटार असली तरी माझ्याकडे घोडा आहे, एवढाच त्यातील डौल. ओसरीची गोष्ट निराळी. अमेरिकेच्या दक्षिणेतील घराची ओसरी हे कंट्री गीताचे जुने, हक्काचे स्थळ आहे: तेथे म्हातारी माणसे बसतात, वाद्ये वाजतात, संध्याकाळ होते. पण अटलांटाच्या रस्त्यावरील बोलीत ओसरीवरून उतरणे म्हणजे आईबापांच्या नजरेआडच्या, धोक्याच्या जगात पाऊल टाकणे. जो ओसरीवरून कधी उतरलाच नाही त्याला जगाची काय माहिती, असे हिणविण्याचा प्रघात रॅप गीतांत आहे, आणि आपला कवी तेच करतो. एकच शब्द दोन समाजांच्या दोन वहिवाटींत एकाच वेळी उभा आहे, आणि त्या दोन्ही वहिवाटी दक्षिणेच्याच आहेत. हे विडंबन असते तर कवीला कंट्रीच्या बाहेर उभे राहून तिच्याकडे बोट दाखवावे लागले असते. येथे तो बाहेर नाही. घोडा म्हणजे तुटपुंजी साधने आणि रस्ता म्हणजे यशाची वाट, असे गायकाने स्वतः मुलाखतीत सांगितले आहे. कवीच्या स्पष्टीकरणावर टीकाकाराने फार विसंबू नये हे खरे, तथापि आपल्याला कोणी काही शिकवू नये असे बजावणारे जे ध्रुवपद दोनदा येते, त्यातील एकाकी हट्ट विनोदाच्या खाली जाणवतो, हे कोणालाही कबूल करावे लागेल.

ध्वनीच्या घडणीकडे वळताना प्रथम फिलिप टॅग यांचे ऋण मान्य केले पाहिजे. ‘कोजॅक’ या दूरदर्शन-मालिकेच्या पन्नास सेकंदांच्या शीर्षकसंगीतावर त्यांनी १९७९ मध्ये अख्खा प्रबंध सादर केला, तेव्हा अनेकांनी नाके मुरडली. पण लोकप्रिय संगीताला लागू पडतील अशी दोन हत्यारे त्या खटाटोपातून मिळाली. पहिले तुलनेचे: गीतातील एखादा ध्वनिखंड घ्यावा, तो आणखी कोणकोणत्या रचनांत आढळतो ते शोधावे, आणि त्या रचना कोणत्या भावाशी वा दृश्याशी जोडल्या आहेत ते पाहावे. दुसरे बदलाचे: रचनेतील एक घटक मनातल्या मनात बदलावा आणि अर्थ कोठे सरकतो ते तपासावे. गंमत अशी, की आडोर्नो यांनी जो बदल निंदेसाठी कल्पिला होता तोच येथे शोधाचे साधन झाला.

आपल्या गीताच्या आरंभी बांजोसारख्या तारवाद्याची छेडलेली, पुनःपुन्हा फिरून येणारी एक सुरावट आहे. ती कोणा कंट्री वादकाची नाही. ‘नाइन इंच नेल्स’ या खडखडाटी, यंत्रप्रधान रॉक संगीतासाठी प्रसिद्ध असलेल्या मंडळींच्या २००८ सालच्या ‘घोस्ट्स’ या शब्दविरहित संग्रहातील एका तुकड्यातून ती उचलली आहे. सुरावट चालू असतानाच, काही सेकंदांत, गायक शीर्षकाचा चरण उचलतो. तो चरण पुरा झाल्यावर ढोल आणि खर्जाचा ध्वनी एकदम खाली कोसळतो, आणि वर बारीक, जलद झांजांची किणकिण सुरू होते. हा खर्ज रोलंड कंपनीच्या १९८० मध्ये निघालेल्या टीआर-८०८ या तालयंत्राच्या परंपरेतील असून, झांजांच्या त्या किणकिणीसह तो अटलांटाच्या ‘ट्रॅप’ संगीताची ओळख झाला आहे. लय सावकाश मोजली तर मिनिटाला सुमारे अडुसष्ट मात्रा, आणि झांजांबरोबर मोजली तर दुप्पट. ट्रॅपची ही दुहेरी लय घोड्याच्या संथ चालीलाही सोयीची पडते.

आता बदल करून पाहू. खर्ज आणि झांजा काढून तेथे साधा ढोल व हवाईयन पद्धतीची पेडल स्टील गिटार ठेवली, गायकाचा आवाज तसाच राहू दिला, तर गीत बहुतेकांना निःसंशय कंट्री वाटेल. इतकेच की विनोद नाहीसा होईल आणि ते जुनाट वाटू लागेल. उलट खर्ज व झांजा राखून तारवाद्याच्या जागी सिंथेसायझर ठेवला तर गुराख्याचे चित्र विरून केवळ बढाईचे रॅप उरेल, आणि घोडा हे एखाद्या मोटारीचे सांकेतिक नाव वाटेल. याचा अर्थ असा, की गीताचा प्रकार-संकेत एका वाद्यात वसत नाही, तो दोन थरांच्या गाठीत आहे. टॅग यांचे तुलनेचे हत्यार वापरले तर ही गाठही अगदी नवी नाही असे दिसते. २०१७ मध्ये अटलांटाच्याच यंग थग याने गिटारच्या साथीवर गुराखी ढंग मिसळला होता, आणि पलीकडच्या बाजूने फ्लोरिडा जॉर्जिया लाइन या गौरवर्णीय जोडीने रॅपरला बरोबर घेऊन, तर सॅम हंट याने बोलल्यासारखे गाऊन, दीर्घकाळ कंट्रीच्या अग्रस्थानी राहून दाखविले होते.

अॅलन मूर यांनी ध्वनिमुद्रणाला एका पेटीची उपमा दिली आहे: डावे-उजवे, पुढे-मागे, वर-खाली आणि काळाचा ओघ अशा चार परिमाणांत प्रत्येक ध्वनी त्या पेटीत कोठे ठेवला आहे ते ऐकावे, आणि मग गाणारी व्यक्ती श्रोत्यापासून किती अंतरावर उभी आहे ते ठरवावे. येथे आवाज अगदी जवळ, मध्यभागी, जवळजवळ कोरडा आहे; तारवाद्य मागे, किंचित धुरकट; खर्ज तळाशी सर्वत्र. परिणामी श्रोत्याच्या शेजारी बसलेला तरुण मागे पडद्यावर चाललेल्या जुन्या चित्रपटाकडे पाहत बोलत आहे असा भास होतो. हे सगळे ऐकण्यास साधन मात्र योग्य हवे. फोनच्या छोट्या स्पीकरमधून अगदी खालचे कंप जवळजवळ बाहेर पडतच नाहीत, त्यामुळे फोनवर गीत ऐकून लिहिणाऱ्या परीक्षकाला तारवाद्य ठळक आणि ट्रॅपचा थर क्षीण भासतो, व तो गीताला लोकसंगीताच्या अधिक जवळ नेऊन ठेवतो. चांगल्या हेडफोनवर ऐकले, किंवा ध्वनीचा वर्णपट काढून तळाच्या पट्ट्यांत किती ऊर्जा आहे ते पाहिले, की ही चूक उघडी पडते. अर्थात पुष्कळ श्रोत्यांनी ते गीत फोनवरच ऐकले, म्हणून अभ्यासकाने दोन्ही रीतींनी ऐकावे आणि आपण कोणत्या ऐकण्याविषयी लिहीत आहोत ते नमूद करावे.

ध्वनीच्या अभ्यासकांनी आजवर दुर्लक्षिलेला एक दस्तऐवजी मुद्दा येथेच येतो. ‘घोस्ट्स’ हा संग्रह अशा खुल्या परवान्याखाली प्रसिद्ध झाला होता की कोणीही तो वापरावा, मात्र व्यापारासाठी नव्हे. डच निर्मात्याने त्यातील तुकडा बीटमध्ये घातला आणि तीस डॉलरला वापराचा हक्क विकला, तोपर्यंत कोणाच्या ध्यानात काही आले नाही. पुढे गीत मोठ्या कंपनीकडे जाताच रीतसर परवानगी घेण्याची तजवीज करावी लागली, आणि ट्रेंट रेझ्नर व अॅटिकस रॉस यांची नावे रचनाकार म्हणून नोंदली गेली. त्यामुळे ‘हे गीत कोणी रचिले’ या प्रश्नाचे उत्तर कानाने मिळत नाही, करारपत्र पाहावे लागते.

गीताच्या आखूडपणाबद्दल बरेच लिहिले गेले आहे, आणि त्यातील पुष्कळसे घाईचे आहे. स्पॉटिफायवर श्रोत्याने तीस सेकंद ऐकले की गीत एकदा वाजल्याची नोंद होते, गीत दोन मिनिटांचे असो की सात. तेव्हा आखूड गीत रचून ते अधिक वेळा वाजविणे फायद्याचे, म्हणून गीते आखूड झाली, असा हा सोपा युक्तिवाद आहे. यात तथ्य आहे. शीर्षकाचा चरण अगदी आरंभी ठेवणे, अंतऱ्यापूर्वीची वाद्यपंक्ती टाळणे, मधला वेगळ्या चालीचा भाग गाळणे, या साऱ्या गोष्टी आपल्या गीतात आहेत आणि त्या या हिशेबाशी जुळतात. परंतु युबेर लेव्हेये गोव्हँ यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९८६ ते २०१५ या काळातील अमेरिकेच्या पहिल्या दहांतील गीते मोजली, तेव्हा गायनापूर्वीची प्रस्तावना वीस सेकंदांहून अधिक होती ती पाचाच्या आसपास आली असे आढळले, आणि ही घसरण स्पॉटिफायच्या जन्माच्या कितीतरी आधीपासून चालू होती. शिवाय दोन मिनिटांचे गीत ही काही नवलाई नव्हे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूस तीनेक मिनिटेच मावत, आणि मराठी भावगीताने आपला घाट त्या मर्यादेतच घडविला. पण म्हणून ते घाट कोणी कंपनीच्या हिशेबवहीतून काढून दाखवीत नाही. माध्यमाची मर्यादा हे एक कारण असते, एकमेव नव्हे. येथे तर अधिक साधे कारणही समोर आहे: बीट मुळातच एका फेऱ्याची होती, आणि तिच्यावर याहून अधिक बोलण्यासारखे कवीजवळ नव्हते.

आता प्रकाराचा प्रश्न, ज्यासाठी हे सारे मांडले. इटलीचे फ्रांको फाब्री यांनी १९८१ मध्ये अॅम्स्टरडॅमच्या परिषदेत गीतप्रकाराची जी मीमांसा मांडली ती मला आजही सर्वांत उपयुक्त वाटते. गीतप्रकार म्हणजे समाजाने मान्य केलेल्या नियमांनी बांधलेल्या सांगीतिक घटना, असे ते म्हणतात, आणि त्या नियमांत स्वर-तालाचे तांत्रिक नियम हा केवळ एक वर्ग आहे. अर्थसंकेतांचे, वर्तनाचे, सामाजिक विचारसरणीचे आणि आर्थिक-कायदेशीर व्यवहाराचे नियमही तितकेच बंधनकारक असतात. बिलबोर्डने जे कारण दिले ते पाहा. ते शब्दशः पहिल्या वर्गाचे आहे: घटक पुरेसे नाहीत. पण घटकांचे हे प्रमाण कोणत्याही नियमावलीत लिहिलेले नव्हते, आणि ट्रॅपच्या झांजा असलेली अनेक गीते त्याच काळी त्याच यादीत सुखाने नांदत होती. म्हणजे तांत्रिक नियमाचे नाव घेऊन दुसऱ्याच वर्गाचा नियम लावला गेला. तो नियम कोणता हे शोधण्यास इतिहासात शिरावे लागते.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात अमेरिकी तबकडी-कंपन्यांनी दक्षिणेतील गायकांचे मुद्रण सुरू केले, तेव्हा त्यांनी दोन सूचिपत्रे काढली: कृष्णवर्णीयांची गीते ‘रेस रेकॉर्ड्स’ म्हणून आणि गौरवर्णीय ग्रामीणांची ‘हिलबिली’ म्हणून. ओके कंपनीच्या राल्फ पीर यांनी १९२३ मध्ये फिडलवादक जॉन कार्सन याचे जे मुद्रण केले, ज्याला कंट्री संगीताच्या व्यापारी इतिहासाचा आरंभ मानतात, ते अटलांटातच झाले. कार्ल हॅगस्ट्रॉम मिलर यांनी २०१० मध्ये साधार दाखवून दिले, की तत्कालीन दक्षिणी वादक, मग ते कोणत्याही वर्णाचे असोत, मागणी येईल ती सर्व तऱ्हेची गीते वाजवीत. वर्णाप्रमाणे संगीत विभागले ते कंपन्यांनी आणि लोकसाहित्याच्या संकलकांनी. बिलबोर्डने १९४९ मध्ये नावे बदलून ‘रिदम अँड ब्लूज’ आणि ‘कंट्री अँड वेस्टर्न’ अशी सभ्य केली, पण सूचिपत्राची रेघ तेथेच राहिली. बांजो हे वाद्य आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या हातून घडले, आणि गुरांचे तांडे हाकणाऱ्यांत कृष्णवर्णीय गुराखी मोठ्या संख्येने होते. तरीही त्या दोहोंचे चित्र लोकांच्या मनात गोरेच राहिले. ‘ओल्ड टाउन रोड’मधील विनोद ज्याला केवळ वेषांतर वाटला त्याने हा इतिहास लक्षात घेतलेला नव्हता.

वर्णाच्या रेघेचा हा नियम खरोखर चालतो की नाही हे तपासण्याची संधी लवकरच मिळाली. ५ एप्रिल २०१९ रोजी या गीताची दुसरी आवृत्ती निघाली. बीट तीच, खर्ज तोच, झांजा त्याच. भर पडली ती बिली रे सायरस यांच्या कडव्याची. केंटकीत जन्मलेले, १९९२ मध्ये कंट्री गीताने घरोघर पोहोचलेले हे गौरवर्णीय गायक म्हणजे प्रकाराचा जिवंत दाखलाच. संगीताचे घटक जवळजवळ जसेच्या तसे राहून केवळ एका गाणाऱ्याची भर पडली, म्हणजे टॅग यांचा मनातला प्रयोग कंपनीने प्रत्यक्षात करून दाखविला. निकाल मात्र सरळ लागला नाही, आणि म्हणूनच तो बोधक आहे. ‘हॉट कंट्री साँग्स’च्या यादीत गीताला पुनःप्रवेश मिळाला नाही, परंतु कंट्री नभोवाणी-केंद्रांवरील वादन मोजणाऱ्या निराळ्या यादीत ते पन्नासाव्या क्रमांकापर्यंत गेले, कारण तेथे संपादकाचा शिक्का लागत नाही, केंद्रे काय वाजवितात एवढेच मोजले जाते. त्याच वर्षी कंट्री संगीताच्या प्रमुख संघटनेने या जोडगीताला आपले पारितोषिक दिले, आणि पुढील वर्षी ग्रॅमीने त्याला ‘पॉप’च्या वर्गात बसवून सन्मानिले. चार दप्तरांत एकाच गीताची चार प्रकारे नोंद झाली. सर्वच खोटी म्हणता येत नाहीत, कारण प्रत्येकाने फाब्रींच्या निरनिराळ्या वर्गाचा नियम वापरला.

या सगळ्याच्या मागे एक प्रशासकीय बदल आहे, ज्याकडे केवळ शब्दांचे वा केवळ ध्वनीचे अभ्यासक पाहत नाहीत. पूर्वी कंट्रीची मुख्य यादी कंट्री केंद्रांच्या वादनावर आधारलेली होती; ऑक्टोबर २०१२ पासून तिच्यात सर्व केंद्रांवरील वादन, विक्री आणि स्ट्रीमिंग मिळवू लागले. जोवर कंट्री केंद्रेच मोजणी करीत होती तोवर कोणते गीत कंट्री हा प्रश्न केंद्रचालक आपोआप सोडवीत. मोजणी सर्वांसाठी खुली होताच आधी गीताला प्रकार लावणे आणि मग मोजणे प्राप्त झाले, व तो प्रकार लावण्याचा पहिला हक्क गीत स्वतः चढविणाऱ्याच्या हाती आला. रकान्यात ‘कंट्री’ लिहिणे ही आपल्या गायकाची चलाखी होती असे व्यवसायातील काहींनी म्हटले, कारण त्या यादीत तुलनेने स्पर्धा कमी; तसे असेलही. पण चलाखी आणि प्रामाणिकपणा या दोन्ही गोष्टी एकाच रकान्यात बसू शकतात, आणि गीतातील ओसरीने मला त्याच्या प्रामाणिकपणाचा पुरावा आधीच दिलेला आहे.

उरतो एक तांत्रिक प्रश्न: ‘गीत’ म्हणून आपण नेमके काय तपासतो? मूळ आवृत्ती, सायरस यांची आवृत्ती, जुलैमध्ये निघालेली यंग थग आणि बालगायक मेसन रॅम्झी यांची आवृत्ती, की कोरियातील बीटीएस या संचाच्या आरएम याने गायिलेली आवृत्ती? बिलबोर्डच्या नियमाप्रमाणे या साऱ्यांचे वादन एकाच खात्यावर जमा होत होते, आणि म्हणूनच हे गीत ‘हॉट १००’ या सर्वसाधारण यादीच्या अग्रस्थानी सलग एकोणीस आठवडे, म्हणजे पूर्वीच्या विक्रमाहून तीन आठवडे अधिक, राहू शकले. एप्रिलमधील एका आठवड्यात एकट्या अमेरिकेत ते सुमारे १४ कोटी ३० लाख वेळा स्ट्रीम झाले. आवृत्ती काढण्याची ही रीत त्यानंतर पुष्कळांनी उचलली आहे. तेव्हा रचना एकदाच पुरी होते आणि मग तिचा अर्थ लावावयाचा, ही गृहीतकल्पना सोडून आवृत्त्यांची मालिका हाच संहितेचा देह मानणे भाग आहे. अभ्यासकाच्या वाटेत अडचण ही, की कोणत्या आवृत्तीला किती श्रोते मध्येच सोडून गेले, कोणत्या प्लेलिस्टने ती पुढे सारली, हे तपशील कंपन्यांच्या कपाटांत कुलुपबंद असतात. बाहेरून दिसतात ते केवळ एकूण आकडे. त्या आकड्यांवरून श्रोत्यांच्या मनाविषयी मोठमोठी विधाने करणारे लेख संशयानेच वाचावेत.

प्रकाराच्या या वादाचे पुढे काय झाले तेही पाहावे. २०२४ मध्ये बियॉन्सेचे ‘टेक्सस होल्ड एम’ हे गीत ‘हॉट कंट्री साँग्स’च्या अग्रस्थानी गेले, आणि त्या स्थानी पोहोचलेली ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री ठरली; पण त्या वर्षीच्या कंट्री संघटनेच्या पारितोषिकांसाठी तिला एकही नामांकन मिळाले नाही. तिच्या पाठोपाठ त्याच यादीच्या शिखरावर आलेले शबूझी या कृष्णवर्णीय गायकाचे गीत २००४ सालच्या एका रॅप गीतावर उघडपणे आधारलेले होते. ते ‘हॉट १००’च्या अग्रस्थानी एकोणीस आठवडे राहिले, आणि कंट्रीच्या यादीतून त्याला कोणीही काढले नाही.